सीटी स्कॅनच्या डायसाठी मेटफॉर्मिन का थांबवतात?

प्रश्न: वडील ६२ वर्षांचे, क्रिएटिनिन १.४. सोमवारी डाय देऊन सीटी आहे. मेटफॉर्मिन बंद ठेवायला सांगितलंय. का, आणि परत कधी सुरू करायची?

उत्तर: डाय आणि गोळी यांचं आपसात भांडण नाही. मेटफॉर्मिन जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडते. डायमुळे मूत्रपिंड काही दिवस मंदावलं, तर ती रक्तात साचते आणि क्वचित लॅक्टिक ॲसिडोसिस, म्हणजे रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा त्रास, होतो. क्वचित, पण जिवावर बेतणारा.

क्रिएटिनिनवरून वडिलांचा ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा आकडा, साधारण ५७ येतो. औषधाच्या माहितीपत्रकात ३० ते ६० असेल तर थांबवा असं असतं. रेडिओलॉजिस्टांच्या अमेरिकन नियमावलीत मात्र शिरेतून डाय असेल तर ३० पर्यंत गोळी चालू ठेवतात. म्हणून दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी सावध बाजू घेतली आहे.

सोमवारी सकाळपासून बंद. बुधवारी, म्हणजे ४८ तासांनी, क्रिएटिनिन पुन्हा तपासा. १.४ च्या आसपासच असेल तर डॉक्टरांना दाखवून सुरू करा. १.८ वगैरे झालं, लघवी कमी झाली, तर नको. नुसते दोन दिवस मोजून सुरू करू नका.

गोळीच्या पट्टीवरचं नाव नीट वाचा. ग्लिमेपिराइडच्या जोडगोळीतही मेटफॉर्मिन असते.