शेपटी ओली दिसली तर सकाळची वाट पाहू नका

तुम्ही लिहिलंत, हॅमस्टरचं पिल्लू पाच आठवड्यांचं, कालपासून शेपटीखालचे केस ओले आणि वास येतोय. मग आजच डॉक्टर गाठा. इंदूरमध्ये सगळे व्हेट हॅमस्टर पाहत नाहीत, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा.

तीन ते दहा आठवड्यांच्या सीरियन जातीच्या हॅमस्टर पिल्लांत असे जुलाब हे बहुधा लॉसोनिया नावाच्या जिवाणूचं काम असतं. तो आतड्याच्या पेशींत शिरतो, अस्तर जाड होतं आणि पाणी शोषलं जात नाही. पन्नास ग्रॅमच्या जिवातून पाच ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे चमचाभरच, तरी वजनाचा दहावा हिस्सा गेला. त्यात ते खाणंपिणं सोडतं. एक-दोन दिवसांत संपतं.

मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच खाली बसली नाही, तर पाणी बरंच कमी झालंय. वाटेत ड्रॉपरने ओआरएसचे थेंब ओठाच्या कडेला लावा. तोंडात ढकलू नका, ठसका लागेल. डॉक्टर कातडीखाली सलाइन देतील.

घरातलं अमॉक्सिसिलिन मात्र मुळीच नको. त्याने आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो आणि त्याच्या विषानेच पिल्लू जातं.