दोन्ही फोन ऑक्टाकोर. एकात आठही कोअर छोटे, दुसऱ्यात २ मोठे + ६ छोटे. रोजच्या वापरात फरक पडतो का? बॅटरी कुठे जास्त टिकेल?

पडतो, आणि चांगलाच पडतो. बाबांच्या फोनवरून आमच्या घरात हा वाद अजून चालू आहे.

गोखले रोडच्या दुकानात मी हेलिओ जी८५ चिपवाला फोन बघून ठेवला होता. त्यात दोन मोठे ए७५ कोअर २.० गिगाहर्ट्झचे आणि सहा छोटे ए५५. भावोजींनी दुसराच खोका उचलला. आत सगळे छोटे ए५३, वर ठळक ‘२.३ गिगाहर्ट्झ ऑक्टाकोर’. म्हणाले, "आकडा मोठा, किंमत कमी, अजून काय हवं?" जावयाचा शब्द कोण मोडणार! तोच घेतला.

गिगाहर्ट्झवरून कोअरचे सेकंदाला किती ठोके पडतात ते कळतं, एका ठोक्यात किती काम उरकतं ते नाही. ए५३ आणि ए५५ सूचना आल्या त्याच क्रमाने चालवतात. एखादा आकडा मेमरीतून यायचा राहिला की मागची सगळी रांग खोळंबते. ए७५ तोवर रांगेतल्या तयार सूचना उरकून घेतो. म्हणून २.० चा ए७५ हा २.३ च्या ए५३ ला सहज मागे टाकतो.

बरं, कोअर आठ असले तरी ॲप उघडताना मुख्य भार एकदोन थ्रेडवरच असतो. बाकीचे कोअर त्यात फारसा हात लावू शकत नाहीत. ठाणे स्टेशनात टीसी समोर उभा आणि बाबांच्या फोनवर तिकिटाचं ॲप उघडतंच आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २+६ मध्ये अँड्रॉइड मागे चाललेली कामं सहसा छोट्या कोअरवर ठेवतो आणि समोरच्या ॲपला मोठे मोकळे देतो. सगळेच छोटे असतील तर समोरच्याला देणार काय?

भावोजींचं म्हणणं, "नेटवर्क नसेल." मग मी विमान मोड लावून गॅलरी उघडून दाखवली. तरी तेच. माझ्या स्वतःच्या जी८५ वाल्या फोनवर तीच गॅलरी पटकन उघडली. तेव्हा विषय बदलून चहा मागवला गेला.

तेव्हा दुकानात गिगाहर्ट्झ विचारू नका. डेमो फोनवर CPU-Z हे चिपची माहिती दाखवणारं ॲप टाकू दिलं तर बघा, नाहीतर चिपचं नाव शोधा. नुसतं Cortex-A53 दिसलं तर फोन खाली ठेवा. दोन A75, A76 किंवा A78 असले की रोजच्या वापराला पुरे, चार मोठ्यांसाठी जादा पैसे मोजू नका.

बॅटरीचं म्हणाल तर मोठा कोअर वीज जास्त खातो, पण काम लवकर संपवून झोपतो, आणि हलकी कामं छोट्यांवरच जातात. व्हिडिओ बघताना तर डिकोडिंगचं हार्डवेअर वेगळं असतं, तिथे कोअरचा फारसा संबंधच नाही. स्क्रीन आणि नेटवर्क कोअरपेक्षा जास्त खातात, म्हणून नुसत्या कोअरवरून बॅटरीचा निकाल लागत नाही.

हो, रॅम अपुरी असेल किंवा स्टोरेज संथ ईएमएमसीचं असेल तर मोठे कोअरही वाट बघत बसतात. काही फोनांत बॅटरी सेव्हर मोठ्या कोअरचा वेग उतरवतो, तो बंद करून मगच दोन फोनांची तुलना करा. बाबांच्या फोनवर तो बंदच होता, हे भावोजींनी काढायच्या आत सांगून ठेवतो.