टेरेसची टाकी डोक्यावर आणि शॉवरला फोर्स नाही: कोणता मिक्सर घ्यावा?

"पुण्यात सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. बाथरूम नव्याने करतोय, पण पाण्याला फोर्स कमी आहे. थर्मोस्टॅटिक घेऊ, सिंगल लिव्हर की डायव्हर्टर?"

आहे त्या प्रेशरवर थर्मोस्टॅटिक, म्हणजे पाण्याचं तापमान आपोआप एकसारखं ठेवणारा मिक्सर, घेऊ नका. भिंतीबाहेरचा, दोन नॉबचा साधा वॉल मिक्सर घ्या. मी बारा वर्षं बाथरूमची कामं घेतोय आणि शेवटच्या मजल्यावर याच प्रश्नाने लोकांना टाइल्स फोडायला लागलेल्या पाहिल्यात.

प्रेशर टाकीतल्या पाण्याच्या उंचीवरून येतं. दहा मीटर उंची म्हणजे साधारण १ बार. तुमच्या डोक्यावर स्लॅब, त्यावर टाकी. शॉवरच्या तोंडापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत मोजलं तर फार तर तीन मीटर भरतील, म्हणजे ०.३ बार. टाकी अर्धी झाली की त्याहून कमी. तुमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मात्र दीड बारच्या पुढे प्रेशर मिळतं, त्यामुळे तिथल्या शेजाऱ्यांचा अनुभव तुमच्या कामाचा नाही.

थर्मोस्टॅटिकमध्ये मेणाची एक छोटी कांडी असते. ती गरम पाण्याने फुगते, गाराने आकसते आणि तसं दोन्ही पाण्यांचं प्रमाण बदलते. त्यासाठी आतल्या वाटा अरुंद ठेवाव्या लागतात. शिवाय दोन्ही बाजूंना जाळी आणि पाणी उलटं जाऊ न देणारा स्प्रिंगचा एनआरव्ही असतो. एवढ्यातून जाताना ०.३ बार संपून जातं. बहुतेक थर्मोस्टॅटिकना किमान अर्धा बार लागतो, नीट चालायला १ बार. प्रेशर असेल तिथे, विशेषतः घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर, मी स्वतः आग्रहाने थर्मोस्टॅटिकच सुचवतो.

दुकानात ज्याला डायव्हर्टर म्हणतात तो बहुतेक वेळा भिंतीत गाडलेला सिंगल लिव्हरच असतो. पाणी वरच्या शॉवरला द्यायचं की खालच्या नळाला, एवढंच डायव्हर्टरचं काम. गरम-गार मिसळतं ते सिरॅमिक कार्ट्रिजमध्ये, आणि तिथली भोकं लहान असतात. घ्यायचाच तर हाय फ्लो बॉडी मागून घ्या. वॉल मिक्सरमध्ये गरम आणि गार या दोघांना स्वतंत्र स्पिंडल आणि मोठी वाट मिळते, म्हणून कमी फोर्सला तोच उजवा.

खरेदीआधी बादली लावून बघाच. गेल्या वर्षी कोथरूडला अशाच वरच्या मजल्यावर काम होतं. शॉवर काढून पाइपच्या तोंडाशी १५ लिटरची बादली धरली. नुसतं गार पाणी सोडलं तर सव्वा मिनिटात भरली, नुसतं गरम सोडलं तर अडीच मिनिटं लागली. टाकी एकच, मग गरम निम्मं का? गीझरला लावलेली जाळीची कनेक्शन पाइप काढून पाहिली. बाहेरून अर्धा इंची, पण आतलं भोक करंगळीपेक्षा बारीक आणि त्यात क्षाराचा पांढरा थर. दोन्ही पाइप बदलून रुंद भोकाच्या घातल्या, अँगल कॉक पूर्ण उघडला. गरमची बादली दीड मिनिटावर आली. मिक्सर कुठलाही घेतला असता तरी या दुरुस्तीशिवाय गार पाण्याने गरमाला दाबलंच असतं, आणि लिव्हर जरा हलवला की एकदम थंड किंवा एकदम चटका.

पंप बसवायचा विचार असेल तर हीच गोष्ट डोक्यात ठेवा. पंप गीझरकडे फाटा फुटण्याच्या आधी लागला पाहिजे, म्हणजे गरम-गार दोन्हींना सारखं प्रेशर मिळेल. गारला पंप आणि गरम मात्र सोलरवरून नुसत्या उताराने, ही जोडणी मी अनेक घरांत पाहिली आहे. तिथे गार पाणी मिक्सरमधून उलटं सोलरच्या लाइनमध्ये शिरतं आणि सकाळी टाकी गरम असूनही शॉवरला कोमट येतं. पंपाचं प्रेशर तुमच्या गीझरवर छापलेल्या मर्यादेत आहे ना, तेही बघून घ्या.

शॉवरचा आठ इंची मोठा पत्रा इथे नको. पाणी शंभर भोकांत वाटलं जाऊन नुसतं ठिबकतं. चार इंची, साधा, आणि आत फ्लो कमी करणारी चकती असेल तर ती काढून टाका.

टाइल्स लावण्याआधी प्लंबरकडून दोन्ही पॉइंट १५० मिमी अंतरावर, लेव्हलमध्ये, गरम डावीकडे असे काढून घ्या. पुढे पंप आला तर त्याच दोन पॉइंटवर बाहेरून बसणारा थर्मोस्टॅटिक लागतो आणि भिंतीला हात लावावा लागत नाही. गरम-गार उलटं झालं असेल तर मात्र थर्मोस्टॅटिक काम करणार नाही, म्हणून प्लास्टर होण्याआधी गीझर चालू करून कुठल्या पॉइंटातून गरम येतंय ते हात लावून तपासा.