गोव्यात पाऊस तिप्पट झाला, असं पेपरात कुठेही नाही

प्रश्न: एन्व्हायर्नमेंटल सायन्सच्या असाइनमेंटला क्लायमेट चेंजवरच्या एका रिसर्च पेपरचा सारांश लिहायचा आहे. सायटेशन सगळीकडे एकसारखं हवं म्हणतात. किती आणि कसं लिहू? एस.वाय.ला आहे, गोव्यात.

उत्तर:

कुठला पेपर ते तू सांगितलं नाहीस, म्हणून ज्यावरून माझं एकेकाळी भांडण झालं तोच घेतो. रॉक्सी आणि सहकाऱ्यांचा 2017 चा, ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधला. मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या भागावर होणारी अतिवृष्टी 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढली, असं तो सांगतो.

आम्हाला जोडीने सारांश लिहायचा होता. 2021 च्या जुलैत सत्तरी-डिचोलीत पूर आला होता, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात तेच. माझ्या जोडीदाराने पहिलंच वाक्य ठोकलं, ‘गोव्यासह भारतात पाऊस तिप्पट वाढला आहे.’ मी पेपरातला नकाशा त्याच्यापुढे धरला. अभ्यासाची चौकट 76 ते 86 पूर्व रेखांश आणि 19 ते 26 उत्तर अक्षांश. आपण साधारण 74 आणि 15 वर, म्हणजे चौकटीच्या पार बाहेर. तो म्हणाला, ‘सरांना लोकल टच लागतो.’ सरांना खरंच लागला. माझ्या दुरुस्तीवर ‘स्थानिक संदर्भ नाही’ असा शेरा आला आणि मार्क कापले गेले. अजून म्हापशाच्या बाजारात तो भेटला की याच वाक्यावरून आमची जुंपते.

त्या एका वाक्यात चुका दोन आहेत. जागेची सांगितली. दुसरी जास्त वाईट, कारण तिप्पट झाला तो पाऊस नाहीच. मध्य भारतातला एकूण पाऊस घटत असल्याचं पेपर ॲब्स्ट्रॅक्टच्या सुरुवातीलाच सांगतो. वाढल्या त्या दिवसाला 150 मिलिमीटर किंवा जास्त पावसाच्या, एकाच वेळी विस्तृत भाग व्यापणाऱ्या घटना. म्हणून सारांशात आकडा लिहिशील तेव्हा कशाचा, कुठला आणि कधीचा हे त्याच वाक्यात यायला हवं. तिन्हीपैकी एक गळलं की वाक्य खोटं पडतं.

कारण लिहितानाही मुलं इथेच घसरतात. ‘तापमान वाढलं म्हणून मॉन्सूनचे वारे जोरदार झाले’ असं लिहून मोकळी होतात. पेपरचं म्हणणं वेगळं आहे. अरबी समुद्रावरून येणाऱ्या खालच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांचा चढउतार वाढला, आणि त्यामुळे बाष्पाचे लोंढे मध्येच जमिनीवर येतात. सरासरी जोर वाढणं आणि चढउतार वाढणं या दोन गोष्टी आहेत. पेपरचा सगळा जीव या फरकात आहे, तिथे दोन-तीन वाक्यं खर्च कर. समुद्राच्या तापमानाशी नातं असल्यामुळे अशा घटनांचा अंदाज दोन-तीन आठवडे आधी येऊ शकेल, हा त्यांचा शेवटचा मुद्दा. ‘येऊ शकेल’चं ‘येतो’ करू नकोस.

आता सायटेशन. गोंधळ बहुतेक वेळा कॉपी-पेस्टमुळे होतो. नेचरच्या पानावर `8, 708` दिसतं, गुगल स्कॉलरवर `8(1), 708`. एक इथून आणि एक तिथून उचललं की यादी विसंगत झालीच. शिवाय 708 हा पान क्रमांक नाही, लेख क्रमांक आहे, त्याच्यामागे `pp.` लावायचं नाही. एपीए सातवी आवृत्ती असेल तर `Article 708` असं लिहितात. मजकुरात पहिल्यापासूनच `(Roxy et al., 2017)`, पण शेवटच्या यादीत आठही लेखकांची नावं. डीओआय एकाला दिलास तर ज्यांना आहे त्या सगळ्यांना दे, तोही पूर्ण `https://doi.org/` लावून. आणि रॉक्सींनी उल्लेखलेला 2006 चा गोस्वामींचा पेपर तू उघडलाच नसशील, तर वाचल्यासारखा यादीत घालू नकोस. मजकुरात `as cited in Roxy et al., 2017` लिही, यादीत फक्त रॉक्सी ठेव.

सरांना गोवा हवाच असेल तर सारांश संपल्यावर वेगळा परिच्छेद कर आणि ‘माझं निरीक्षण’ म्हणून लिही. तिथे हेही सांग की घाटाला अडून पडणारा आपला पाऊस मुळात निराळा, त्यामुळे तिकडचा 150 चा उंबरठा इकडे तसाच लावून चालणार नाही. माझ्या जोडीदाराला हे तेव्हाही सांगितलं होतं.

लांबी तुमच्या हँडआउटमध्ये असेल तीच. विभागाने एपीएऐवजी हार्वर्ड सांगितलं असेल तर वरचे लेख क्रमांकाचे आणि `et al.` चे नियम तसेच धरू नकोस, त्यांचा नमुना बघ.