मायोसिसला दोन रकाने द्या

प्रश्न: मायटोसिस आणि मायोसिस यांच्यातील फरकाचा लांबलचक तक्ता पाठ आहे, तरी आकृती समोर आली की गोंधळ होतो. कायद्यातील सारख्या तत्त्वांचेही तेच. तक्त्यात किती मुद्दे घ्यावेत?

उत्तर: मुद्दे कितीही घेतले तरी मायोसिसला एकच रकाना असेल तर गोंधळ होणारच. त्या एका रकान्यात दोन निराळी विभाजने कोंबलेली असतात आणि त्यांतील दुसरे दिसायला मायटोसिससारखेच असते. मी जीवशास्त्र शिकवत असताना यावरून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझे चांगलेच वाजले होते. "तुलना दोघांची, मग तिसरा रकाना कशाला?" हा त्यांचा हेका. त्यांचे विद्यार्थी "मायोसिसमध्ये समजातीय गुणसूत्रे वेगळी होतात" हे घडाघडा म्हणत आणि मायोसिस-२ च्या आकृतीखाली बेलाशक मायटोसिस लिहून मोकळे होत.

चार गुणसूत्रांची, म्हणजे एक लांब आणि एक आखूड अशा दोन जोड्यांची पेशी घ्या. डीएनए दुप्पट झाल्यावरही गुणसूत्रे चारच राहतात. फक्त प्रत्येकात दोन क्रोमॅटिड असतात. आता तक्त्याची पहिली ओळ एकच ठेवा: कोण कोणापासून वेगळे होते? मायटोसिसमध्ये चारही गुणसूत्रे मध्यभागी सुटी सुटी उभी राहतात, त्यांचे क्रोमॅटिड वेगळे होतात आणि दोन्ही पेशींना चार-चार गुणसूत्रे मिळतात. मायोसिस-१ मध्ये ती जोडीने उभी राहतात, जोडीदार वेगळे होतात, पण गुणसूत्रबिंदू दुभंगत नाही. म्हणून संख्या इथेच दोनवर येते. मायोसिस-२ मध्ये पुन्हा क्रोमॅटिड वेगळे होतात आणि संख्या दोनच राहते, निम्मे होते ते डीएनए. संख्या आणि डीएनए यांना स्वतंत्र ओळी द्याव्यात त्या यासाठीच. बाकीच्या बहुतेक ओळी पहिलीवरून आपोआप सुचतात.

आकृती ओळखताना मध्यभागी सुट्या उभ्या असलेल्या गुणसूत्रांत प्रत्येक लांबीचा जोडीदार शोधावा. दोन लांब आणि दोन आखूड दिसली तर मायटोसिस. एकच लांब आणि एकच आखूड दिसले तर मायोसिस-२. त्या सहकाऱ्यांच्या तक्त्यात ही खूण मांडायला जागाच नव्हती, आणि सुवाच्य अक्षराने ती उणीव भरून निघत नाही.

कायद्यातही निकाल लावणारी एकच ओळ आधी शोधावी. रेस सब ज्युडिस आणि रेस ज्युडिकाटा या दोन्हींत पक्षकार तेच आणि वादविषयही तोच असतो, त्यामुळे साम्याच्या ओळींनी काहीच हाती लागत नाही. पहिला दावा प्रलंबित आहे की त्याचा अंतिम निकाल लागला आहे, एवढेच विचारावे. प्रलंबित असेल तर दुसऱ्या दाव्याची सुनावणी थांबते. निकाल लागला असेल तर तो वाद पुन्हा उकरता येत नाही.

मात्र जोडीदाराची खूण द्विगुणित पेशीपुरतीच खरी आहे. नर मधमाशीसारख्या एकगुणित सजीवाच्या पेशीत मायटोसिस होतानाही गुणसूत्रांना जोडीदार नसतो, म्हणून मूळ पेशी कोणती हे प्रश्नात दिले आहे का, ते आधी पाहावे.