पोडियमची कड सुटली की मान वर येते

"मोठ्या सभागृहात वक्त्यांचा परिचय करून द्यायची वेळ आली की मी पोडियम घट्ट धरून ठेवते आणि कागदातून डोकंच वर काढत नाही. हात कुठे ठेवू, आणि बघू तरी कुणाकडे?"

त्या बाईंनी मागच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण सोबत आणलं होतं. ते आम्ही आधी आवाज बंद करून पाहिलं. पोडियमच्या कडा आवळल्यामुळे खांदे कानांकडे चढले होते, वजन पुढे रेललं होतं आणि एक पाय दुसऱ्यामागे अडकवलेला होता. असं उभं राहिल्यावर मान वर करायची तर अख्खं शरीर उचलावं लागतं. म्हणून नजरेचा सराव मी मुद्दाम मागे ठेवला आणि सुरुवात पायांपासून केली.

दोन्ही पायांत थोडं अंतर, वजन दोन्हींवर सारखं, आणि पोडियमपासून वीतभर मागे. एवढं मागे राहिलं की रेलणं आपोआप थांबतं. बोटं कडेवर नुसती टेकवायची, अंगठा मात्र वरच ठेवायचा; तो कडेखाली गेला की पकड आलीच. हात थरथरत असतील तर कागद हातात धरू नका, पोडियमवर सपाट ठेवा. हात हलवायचा तो छातीच्या उंचीवर. त्याखाली केलेली हालचाल पोडियमआड जाते आणि लोकांना फक्त दंड हललेले दिसतात.

बाईंनी परिचय पानभर लिहिला होता. शेवटच्या ओळींपर्यंत येताना हनुवटी छातीला टेकायची. आम्ही तो मोठ्या अक्षरांत, पानाच्या वरच्या अर्ध्या भागातच बसवला. वाक्य सुरू करण्याआधी खाली बघायचं, पण ते संपवायचं लोकांकडे बघून. एक पूर्ण वाक्य डावीकडच्या एका माणसाला, पुढचं मध्यभागी मागे बसलेल्याला, मग उजवीकडे. लांबून बघितलं की त्या माणसाच्या आसपासच्यांनाही आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं. प्रकाशझोतामुळे चेहरे दिसत नसतील तेव्हा मागच्या रांगांच्या उंचीवर नजर ठेवावी, छताकडे नको.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही वक्त्यांच्या नावावर घालवला. चित्रीकरणाचा आवाज सुरू केल्यावर कळलं की नेमकं नावच ऐकू येत नव्हतं. नाव घेताना त्या आदराने पाहुण्यांकडे वळत होत्या. माइक जागेवर आणि तोंड दुसरीकडे. आता नाव समोर बघून, पूर्ण उच्चारायचं. ते संपलं की मगच वळायचं आणि तळहात वर ठेवून त्यांच्या दिशेने हात करायचा.

टाळ्या सुरू झाल्या की बाई लगेच खाली उतरत आणि वक्ते रिकाम्या पोडियमकडे चालत येत. आता वक्ते पोहोचेपर्यंत त्या तिथेच, त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात.