कॉमिकच्या बबलमध्ये मराठी मजकूर बसतच नाही

"इंग्लिश कॉमिकचं मराठी करतोय. भाषांतर बरं होतंय, पण बबलमध्ये टाकलं की कडेला चिकटतं, फॉन्ट लहान केला तर वाचता येत नाही. काय करू?"

फॉन्टला हात लावायच्या आधी वाक्याला लावा, निम्मी भानगड तिथेच मिटते. समजा मूळ वाक्य आहे "आय डोन्ट थिंक ही इज कमिंग बॅक बिफोर मॉर्निंग". सरळ केलं तर "मला वाटत नाही की तो सकाळ होण्यापूर्वी परत येईल", म्हणजे नऊ शब्द, आणि असं कोणी बोलतही नाही. आपण म्हणू "तो काही उजाडेपर्यंत येत नाही". "मला वाटत नाही" मधली शंका त्या एका "काही"ने सांभाळली, जरा ठाम झालं खरं पण चालतं.

आता ओळी तोडायच्या. बबल अंडाकृती असतो म्हणून मधली ओळ सगळ्यात लांब, वरची-खालची आखूड:

तो काही
उजाडेपर्यंत
येत नाही.

"येत" वर आणि "नाही" खाली असं कधी करू नका, वाचणारा क्षणभर उलटा अर्थ घेतो. आणि लांब शब्द हायफन टाकून तोडायचा नाही, त्यापेक्षा शब्द बदला. मी तर आधी रिकाम्या बबलमध्ये तीन आडव्या रेघा मारून बघतो किती अक्षरं मावतात, मग वाक्य लिहितो.

ओळींमधलं अंतर इंग्लिशचं ठेवलंत तर मार खाल. तिकडे सगळी कॅपिटल अक्षरं, वर-खाली काही लोंबत नाही. आपल्याकडे वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर आदळतो. फॉन्ट २० असेल तर मी अंतर २६ पासून सुरू करतो, मग डोळ्याने बघून कमी-जास्त.

फॉन्ट आडवा दाबून बसवायचा मोह होतो, मीही सुरुवातीला केलंय. ८० टक्क्यांवर नेलं की उभ्या दांड्या बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते, मग त्या ओळी दोरीवर वाळत घातल्यासारख्या दिसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषाच तुटते, ते शून्यच ठेवा. फोटोशॉपमध्ये ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला गेली किंवा जोडाक्षर फुटलं तर पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत `World-Ready Layout` दिसत असेल तर ते चालू करा.

कडेपासून निदान एका अक्षराएवढी जागा सगळीकडून मोकळी सोडा, काटेरी ओरडणाऱ्या बबलमध्ये ती आतल्या टोकांपासून मोजायची. मग पान वाचायच्या साइझला छोटं करून बघा, मजकूर मधोमध ठिपक्यासारखा दिसला की झालं, एका बाजूला कललेला वाटला तर ओळी परत तोडा. एवढं करूनही नाहीच बसलं आणि मागे साधा रंग असेल तर बबलच थोडा मोठा करा, फक्त शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाकडेच राहिली पाहिजे.